नागीण, नऊ कॅप्सूल आणि ‘जरासं वाढलेलं’ क्रिएटिनिन

गुरुवारी दुपारी ओपीडी संपता संपता एका जीपमधून आजींना आणलं. वय ७४, वजन ४१ किलो. दोन्ही बाजूंनी मुलगा आणि सून धरून होते तरी पाय लटपटत होते. खुर्चीत बसवल्यावर सिस्टरने चहाची बशी पुढे केली. आजींनी ती हातात घेतली आणि दुसऱ्याच क्षणी हाताला असा हिसका बसला की बशी निम्मी सांडली. चेहऱ्यावर ना राग ना लाज. त्या शांतपणे सिस्टरला म्हणाल्या, “मला कशाला च्या पाजतीस बाई? मी मेलीय न्हवं.”

मुलगा रडकुंडीला आला होता. कमरेच्या डाव्या बाजूला पाठीपासून बेंबीपर्यंत फोडांचा पट्टा उठला होता, आणि गावात सगळ्यांनी सांगितलं होतं की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस हाती लागत नाही. “डॉक्टर, जुळलं बगा,” एवढंच तो म्हणत राहिला.

पट्टा जुळलेला नव्हता. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मणक्याजवळच्या मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षं दबून राहतो आणि म्हातारपणी किंवा अशक्तपणात त्या एकाच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून पुरळ शरीराच्या एकाच बाजूला असतं आणि मध्यरेषेपाशी येऊन थांबतं. आजींचंही बेंबीपाशी थांबलं होतं, आणि फोडांवर खपल्या धरायला लागल्या होत्या. नागीण ओसरत होती आणि आजी बिघडत होत्या. हे दोन्ही एकदम का घडावं, यातच या प्रकरणाचं उत्तर होतं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आकडे आणि औषधं जशीच्या तशी आहेत.)

सुनेने दिलेली हकिकत फार उपयोगी ठरली, कारण तिला वेळा पाठ होत्या. शनिवारी कमरेत आग व्हायला लागली, रविवारी फोड आले. सोमवारी सकाळी गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एका नजरेत नागीण ओळखली आणि पहिल्या तीन दिवसांतच विषाणूविरोधी औषध सुरू केलं. हे अगदी योग्य केलं, कारण उशीर झाला तर त्या औषधाचा फायदा कमी होत जातो. चिठ्ठीवर चार औषधं होती: व्हॅलासायक्लोव्हिर एक ग्रॅम दिवसातून तीनदा, आगीसाठी गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक दोनदा आणि पित्ताची एक गोळी. पुस्तक उघडून पाहिलं तर नागिणीसाठी हेच डोस लिहिलेले सापडतील. एकही आकडा चुकीचा नव्हता. फक्त ते आकडे निरोगी किडनीच्या माणसासाठी होते.

सोमवारी दुपारी पहिली गोळी घेतली. मंगळवारी आजींना गुंगी यायला लागली, चालताना तोल जाऊ लागला. घरच्यांना वाटलं, दोन रात्री झोप नव्हती म्हणून असेल. बुधवारी संध्याकाळी त्या कोपऱ्यात बसलेल्या पोरांना हाकलू लागल्या. कोपऱ्यात कुणी नव्हतं. रात्री झोपेत हातपाय झटकत होत्या. गुरुवारी सकाळच्या गोळ्या सुनेने कशाबशा गिळवल्या, आणि त्यानंतर त्या म्हणायला लागल्या की मी मेले, आता मला घरात कशाला ठेवलंय.

७४ वर्षांची बाई अचानक असंबद्ध बोलायला लागली की डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा मेंदूचा झटका येतो, आणि अंगावर नागीण असेल तर विषाणू मेंदूत गेला की काय ही शंका. ही दुसरी शंका साधी नाही, कारण तिचा उपाय म्हणजे अॅसायक्लोव्हिर शिरेतून, मोठ्या डोसात. व्हॅलासायक्लोव्हिर पोटात गेल्यावर अॅसायक्लोव्हिरच होतं. म्हणजे आजींचा गोंधळ विषाणूने झाला असेल तर हे औषध वाढवायला हवं, आणि औषधाने झाला असेल तर तेच थांबवायला हवं. एकाच रुग्णासमोर दोन परस्परविरुद्ध उपचार, आणि चुकीचा निवडला तर जिवावर बेतणार.

उलगडा करायला चार गोष्टी कामी आल्या. ताप नव्हता आणि मान मोकळी होती. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं असं एका बाजूचं काहीच नव्हतं, सिटी स्कॅनमध्येही वयाला साजेशी झीज सोडून नवीन काही दिसलं नाही. तिसरी गोष्ट हिसक्यांची. दोन्ही हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितलं की आजींचे पंजे मधेच गळून पडत आणि परत वर येत, शिवाय खांदा, मांडी, कुठलाही स्नायू अचानक उडे. मेंदूत जंतू शिरल्यावर असे हिसके क्वचित दिसतात. शरीरात साचलेल्या विषाने किंवा औषधाने ते बऱ्याचदा दिसतात. आणि चौथी म्हणजे सुनेने सांगितलेल्या वेळा. अॅसायक्लोव्हिरचा मेंदूवरचा दुष्परिणाम बहुतेक वेळा औषध सुरू केल्यापासून एक ते तीन दिवसांत उमटतो. आजींचा अगदी त्याच वेळात उमटला होता.

‘मी मेलीय’ हे बोलणंसुद्धा या चित्रात बसतं. आपण मेलो आहोत अशी पक्की समजूत होणं याला मानसोपचारात कोटार्ड सिंड्रोम म्हणतात. तो फार विरळा आहे, पण किडनी कमकुवत असताना अॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर घेतलेल्या रुग्णांमध्ये त्याच्या नोंदी आहेत. या औषधाचा एक छोटा भाग शरीरात वेगळ्या पदार्थात बदलतो. तो पदार्थही किडनीनेच बाहेर जातो, आणि ज्या रुग्णांना असा त्रास होतो त्यांच्या रक्तात तो बराच साचलेला आढळतो. आजींच्या घरच्यांना त्या बोलण्यात नागिणीचा निरोप ऐकू येत होता. मला त्यात किडनी ऐकू आली. मी सुनेला विचारलं, “आजींचे जुने रक्ताचे रिपोर्ट आहेत का?”

तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. चार महिन्यांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासण्या होत्या. क्रिएटिनिन १.७. समोर ‘जास्त’ अशी खूण होती, आणि ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं होतं. घरच्यांना सांगितलं गेलं होतं की किडनीचा आकडा जरासा वाढलाय, काळजीचं कारण नाही.

या ‘जरासा’ शब्दाशी माझं भांडण आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा कचरा आहे. किडनी तो गाळून टाकते, म्हणून रक्तात किती उरला यावरून किडनी किती काम करते याचा अंदाज लावतात. पण रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: किडनी किती काढते आणि स्नायू किती तयार करतात. चाळीस किलोच्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर स्नायूच किती असणार? तिच्या शरीरात कचरा मुळात कमी तयार होतो. तरीही रक्तात १.७ साचलाय, म्हणजे काढणारी किडनी बरीच थकलेली असली पाहिजे.

हे आकड्यात मांडायला एक जुनं सूत्र आहे. कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ साली ते प्रसिद्ध केलं. ते इतकं सोपं आहे की मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. १४० मधून वय वजा करायचं, उरलेल्याला वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागायचं आणि बाई असेल तर शेवटी ०.८५ ने गुणायचं. उत्तर मिळतं ते असं की किडनी दर मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते. तरुण निरोगी माणसात हे शंभरच्या आसपास असतं.

आजींचं मी त्यांच्या मुलासमोरच केलं. १४० वजा ७४ म्हणजे ६६. गुणिले ४१, गुणिले ०.८५. भागिले ७२ गुणिले १.७. उत्तर आलं १९ पेक्षा किंचित कमी. मग त्याला म्हटलं, समजा तुझंच क्रिएटिनिन १.७ आलं, वय ३५, वजन ७५ किलो. उत्तर येतं ६४. रिपोर्टच्या कागदावर दोघांचा आकडा एकच, समोरची खूणही एकच. पण एकाच्या किडनीत अजून बऱ्यापैकी दम आहे आणि दुसऱ्याच्या किडनीत पाचव्या हिश्शाहून कमी काम उरलंय.

आता बऱ्याच लॅब क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा दुसऱ्या सूत्राने काढलेला अंदाज, छापून देतात. आजींच्या जुन्या कागदावर तो नव्हता. काढला असता तर ३१ आला असता. १९ आणि ३१ मध्ये एवढी तफावत का, हा प्रश्न माझ्याकडे शिकायला येणारी मुलं नेहमी विचारतात. तफावतीचं एक कारण सूत्रंच वेगवेगळी असणं, आणि दुसरं म्हणजे छापील आकडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी दिलेला असतो. हे माप म्हणजे १.७३ चौरस मीटर त्वचेचं शरीर. आजींची उंची १४८ सेंटिमीटर. त्यांचं शरीर भरतं १.३ चौरस मीटरच्या आसपास. त्या मापात बसवला की ३१ चा २३ होतो. आजार कोणत्या टप्प्यात आहे हे सांगायला छापील आकडा चांगला आहे. पण गोळ्यांचा डोस ठरवताना माणूस फार बारीक किंवा फार धिप्पाड असेल तर तो तसाच उचलून चालत नाही, आणि जुन्या औषधांच्या माहितीपत्रकांतले डोसचे कप्पे बहुतेक कॉक्रॉफ्ट-गॉल्टच्या आकड्यावरच आखलेले आहेत.

मी आधीचं थोडं लपवून ठेवलंय ते इथे सांगतो. वर्षभरापूर्वी याच आजी बीपीसाठी माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. तेव्हा क्रिएटिनिन १.६ होतं. मी तोंडी सांगितलं होतं, मीठ कमी करा, दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. चिठ्ठीवर मात्र फक्त बीपीच्या गोळ्या लिहिल्या: टेल्मिसार्टन आणि लघवीची एक गोळी. किडनीबद्दल कागदावर एक शब्द नव्हता. सोमवारी गावातल्या डॉक्टरांनी ‘दुसरा काही आजार?’ असं विचारलं तेव्हा आजींनी खरं तेच सांगितलं: बीपी आहे. किडनीचा आजार आहे हे त्यांना कुणी नाव घेऊन सांगितलेलंच नव्हतं. ज्यांनी सांगायचं होतं त्यांत मी पहिला.

त्या दिवशीच्या रक्तात क्रिएटिनिन २.३ निघालं, युरिया ८८, पोटॅशियम ५.४. साखर नीट होती. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आठ सेंटिमीटरच्या आसपास, आक्रसलेल्या. म्हणजे मूळ दुखणं जुनंच होतं आणि त्यावर चार दिवसांत नवी भर पडली होती. ती भर डायक्लोफेनॅकने घातली. थकलेली किडनी रक्ताचा पुरवठा टिकवायला काही नैसर्गिक द्रव्यांच्या आधाराने आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवते, आणि दुखण्याच्या गोळ्या नेमकी तीच द्रव्यं बंद करतात. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाहिनी सैल करतं, लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आले आणि माणूस दुखण्यामुळे नीट जेवत-पीत नसेल तर गाळणीवरचा दाब कोसळतो. म्हणजे ज्या आठवड्यात किडनीने दोन अवघड औषधं बाहेर काढायची होती त्याच आठवड्यात तिचे हात बांधले गेले.

मुलाला अजून पटत नव्हतं. “गोळ्या तर सगळ्यांनाच हेवढ्याच देतात,” तो म्हणाला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी गॅबापेंटिनचं पाकीट मागून घेतलं. दहापैकी एक कॅप्सूल उरली होती, नऊ पोटात गेल्या होत्या.

गॅबापेंटिन हे या बाबतीत फार सरळ औषध आहे. लिव्हर त्याला हात लावत नाही. जेवढं रक्तात जातं तेवढं सगळं, जसंच्या तसं, लघवीवाटे बाहेर पडतं. बाहेर पडायचा दुसरा दरवाजाच नाही. चांगल्या किडनीच्या माणसात अंगातलं निम्मं औषध सहा-साडेसहा तासांत निघून जातं. सूत्राने काढलेला किडनीचा आकडा ३० च्या खाली असलेल्या लोकांत निम्मं जायला सरासरी ५२ तास लागतात. मी टेबलावर दवाखान्यातल्या व्हिटॅमिनच्या नऊ कॅप्सूल ओळीने मांडल्या आणि त्याला हिशेब करून दाखवला. पोटातून रक्तात किती शोषलं जातं हा भाग बाजूला ठेवून, ढोबळ.

चांगल्या किडनीच्या माणसाने ३०० मिलिग्रॅमची पहिली कॅप्सूल घेतली तर आठ तासांनी, दुसरी घ्यायच्या वेळेला, तिच्यातलं सव्वाशेच्या आसपास उरतं. मग दुसरी येते, तिचंही तसंच. नवव्या कॅप्सूलनंतर त्याच्या अंगात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मी ओळीतून दोन कॅप्सूल पुढे सरकवल्या: “नऊ खाल्ल्या तरी अंगात दोनसुद्धा पुऱ्या नाहीत.” आजींच्या अंगात पहिलीतलं आठ तासांनी २७० उरलेलं असतं. त्यावर दुसरी पडते, त्यावर तिसरी. जुनं जायच्या आत नवं येत राहतं. नवव्यानंतर हिशेब १८०० च्या वर जातो. मी सहा कॅप्सूल पुढे सरकवल्या. मुलगा त्या सहा कॅप्सूलकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे आईच्या अंगात आत्ता सहा हायत?” साधारण सहा. आणि उद्या-परवा गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर अजून वाढल्या असत्या, कारण साठा कुठे स्थिरावायचा तेही निम्मं जायच्या वेळेवर ठरतं. ढोबळ नियम असा की अशा चार-पाच वेळा उलटल्या की साठा वाढायचा थांबतो. चांगल्या किडनीत हे दीड दिवसात होतं. आजींच्या बाबतीत नऊ-दहा दिवस लागले असते, म्हणजे त्या गुरुवारी अर्ध्या वाटेवरही पोचल्या नव्हत्या.

अॅसायक्लोव्हिरचं गणित याच घराण्यातलं, जरा सौम्य. चांगल्या किडनीत निम्मं जायला तीन तास लागतात, किडनी जवळजवळ बंद असेल तर चौदा. आजी या दोन्हींच्या मधे. व्हॅलासायक्लोव्हिरच्या माहितीपत्रकात नागिणीसाठी कप्पे असे आहेत: आकडा ५० च्या वर असेल तर एक ग्रॅम दर आठ तासांनी, ३० ते ४९ ला दर बारा तासांनी, १० ते २९ ला दिवसातून एकदाच, आणि १० च्या खाली अर्धा ग्रॅम दिवसातून एकदा. आजींना सोमवार ते गुरुवार चार गोळ्या पुरल्या असत्या. नऊ गेल्या.

या कप्प्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. १० च्या वरच्या तिन्ही कप्प्यांत एक वेळची गोळी एक ग्रॅमचीच आहे, फक्त दोन गोळ्यांमधलं अंतर वाढत जातं. विषाणूवर परिणाम व्हायला रक्तात औषधाची एक पातळी गाठावी लागते, आणि पहिल्या गोळीने ती पातळी किती गाठली जाईल याच्याशी किडनीचा फारसा संबंध नसतो. किडनीचं काम त्यानंतर सुरू होतं, औषध बाहेर काढायचं. म्हणून अशा औषधांत पहिला डोस बहुधा पूर्ण देतात आणि पुढचे लांबवतात. गॅबापेंटिनसारख्या औषधांत मात्र एका वेळची मात्राही उतरवतात. मी हे मुद्दाम सांगतो, कारण असे एक-दोन रुग्ण पाहिल्यावर काही डॉक्टर घाबरून सगळंच निम्मं करतात. रक्तात जंतू पसरलेल्या रुग्णाला पहिल्याच तासाचं अँटिबायोटिक निम्मं दिलं तर किडनी वाचेल, माणूस वाचणार नाही. आणि जी औषधं मुख्यतः पित्तावाटे किंवा आतड्यावाटे बाहेर पडतात, उदाहरणार्थ अॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन, त्यांचे डोस आजींच्या किडनीसाठी बदलायचं कारण नसतं.

उपचार फारसे नव्हतेच, बहुतेक काढून घेणंच होतं. व्हॅलासायक्लोव्हिर, गॅबापेंटिन, डायक्लोफेनॅक बंद. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी काही दिवसांपुरती बाजूला. सलाइन हळूहळू, २४ तासांत दीड लिटर, दर चार तासांनी छाती तपासत. लघवी दर तासाला मोजायची. पाठीतलं पाणीही मी काढलं, कारण विषाणू मेंदूत नाही हे नुसत्या अंदाजावर सोडणं मला मान्य नव्हतं. पाणी स्वच्छ होतं, पेशी दोन, प्रथिनं नेहमीइतकी. विषाणूच्या पीसीआरसाठी नमुना कोल्हापूरला पाठवला; तो नंतर निगेटिव्ह आला. पाणी गढूळ असतं किंवा पेशी वाढलेल्या असत्या तर मी अॅसायक्लोव्हिर पूर्ण थांबवलं नसतं. किडनीच्या आकड्याला बसेल अशा मात्रेत शिरेतून सुरू ठेवून पीसीआरची वाट पाहिली असती.

किडनीच्या डॉक्टरांशी फोनवर एकच प्रश्न होता: डायलिसिस करायचं का? दोन्ही औषधं डायलिसिसने निघतात. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये अंगातलं साधारण एक तृतीयांश अॅसायक्लोव्हिर निघून जातं, गॅबापेंटिनलाही चांगला उतार पडतो. पण आजींना लघवी होत होती, तासाला चाळीस मिलिलिटरच्या आसपास. हाक मारली की डोळे उघडत होत्या, श्वास मिनिटाला सोळा होता. आम्ही ठरवलं की थांबायचं, आणि कशावर मत बदलायचं तेही आधीच ठरवून सिस्टरच्या वहीत लिहून ठेवलं: गुंगी वाढली, श्वास बाराच्या खाली गेला, लघवी तासाला वीसच्या खाली गेली किंवा पोटॅशियम सहाच्या वर गेलं तर रातोरात कोल्हापूर.

त्या रात्री मी आजींचा आकडा पुन्हा काढला, क्रिएटिनिन २.३ धरून. १४ आला. पण हा आकडा मी वहीत लिहिला नाही. क्रिएटिनिन चढत असताना हे सूत्र किडनीची तब्येत खरी आहे त्यापेक्षा बरी दाखवतं, कारण किडनी आज बिघडते आणि रक्तात कचरा साचायला दोन-तीन दिवस जातात. चढत्या आकड्यावर डोसचा कप्पा निवडला तर तो बहुधा एक पायरी जास्तीचाच निघतो. उतरत असताना उलटं होतं. हे सूत्र स्थिर किडनीसाठी आहे.

शुक्रवारी दिवसभर आजी झोपून होत्या. संध्याकाळी हिसके कमी झाले, पंजे बऱ्यापैकी वर राहू लागले. सून उशाशी बसून होती. शनिवारी सकाळी राउंडला गेलो तर आजी उठून बसलेल्या, आणि पहिलं वाक्य सुनेला उद्देशून: “म्हशीची धार कुणी काढली आज?” सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी विचारलं, “आजी, परवा काय म्हणत होता, आठवतंय का?” त्यांना काही आठवत नव्हतं. मेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच भ्रमिष्ट आहे.

शनिवारी क्रिएटिनिन २.० आणि सोमवारी १.८. नवे फोड येणं थांबलं होतं, खपल्या वाळत होत्या, म्हणून विषाणूचं औषध पुन्हा सुरू केलं नाही. तेवढ्यात फोड येतच राहिले असते तर दिवसाला एक गोळी या हिशेबाने दिलं असतं. आग मात्र जात नव्हती, आणि नागिणीनंतरची ती आग म्हाताऱ्या माणसांना महिनोन्‌महिने छळते. तिला सोसायला सांगणं हा उपचार नव्हे. पॅरासिटॅमॉल ६५० ची गोळी, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. आणि आठवड्याने पुन्हा तेच गॅबापेंटिन, पण १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, फक्त रात्री. मुलगा दचकला. “ह्येच व्हतं की!” हेच होतं. औषध वाईट नव्हतं. माहितीपत्रकाप्रमाणे १५ ते २९ या कप्प्यात दिवसाला २०० ते ७०० मिलिग्रॅम एकाच वेळी देता येतं. आजींचं वय आणि वजन पाहून मी त्याच्याही खालून सुरुवात केली आणि सुनेला खूण सांगितली: चालताना तोल गेला, दिवसा पेंग आली किंवा हातातून वस्तू सुटायला लागली तर त्या रात्रीची कॅप्सूल द्यायची नाही, फोन करायचा.

गावातल्या डॉक्टरांना मी त्याच आठवड्यात फोन केला. तरुण आहेत, मन लावून काम करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “सर, आमच्याकडे येणाऱ्या सत्तरीच्या प्रत्येक माणसाचं क्रिएटिनिन करून मगच गोळी द्यायची का? लॅब तालुक्याला, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी.” प्रश्न रास्त होता. आम्ही दोघांनी बसवलेला मार्ग असा: नागिणीचं औषध उशिरा देण्यात तोटा आहे, म्हणून पहिली गोळी लगेच द्यायची. पण साठीच्या पुढचा, बीपी-शुगरवाला किंवा अंगाने वाळलेला माणूस असेल तर रिपोर्ट येईपर्यंत दिवसाला एक-दोनच गोळ्यांवर ठेवून रक्त पाठवायचं आणि रिपोर्ट आला की आकडा काढून पुढचं ठरवायचं. आणि डायक्लोफेनॅक अशा माणसाला रिपोर्ट येईपर्यंत अजिबात नाही. एका दिवसाच्या उशिराने आगीत फरक पडतो, जिवाला धोका होत नाही.

डिस्चार्जच्या वेळी आजींच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर मी लाल पेनने लिहिलं: ‘किडनीचा आजार. आकडा १९. दुखण्याच्या गोळ्या व इंजेक्शन नको. नवीन औषधाआधी हा आकडा दाखवा.’ त्याच मजकुराचा छोटा कागद लॅमिनेट करून सुनेकडे दिला. औषधाच्या दुकानात, दाताच्या डॉक्टरकडे, जिथे जाल तिथे बोलायच्या आधी हा कागद पुढे करायचा, एवढंच तिला सांगितलं.

तीन आठवड्यांनी आजी तपासणीला आल्या, स्वतःच्या पायांनी. कमरेला आग होती, पण झोप लागत होती. क्रिएटिनिन १.८ वर थांबलं होतं, पुन्हा १.७ वर आलं नव्हतं. सुनेने विचारायच्या आधीच कागद टेबलावर ठेवला. मी गणित केलं, १९ वर रेघ मारली आणि शेजारी १८ लिहून तारीख घातली.